पडद्यामागचे मालक: कौटुंबिक प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांच्या संचालकांना आणि भागधारकांना खुले पत्र

स. न. वि. वि.

वार्षिक रिटर्न भरायचे दिवस आले की मी प्रत्येक कंपनीला एक प्रश्न विचारतो: तुमच्या शेअर्सच्या मागे खरा माणूस कोण? फाउंड्री असो, सूतगिरणीचा जोडधंदा असो की दूध प्रक्रिया, उत्तर ठरलेले असते. "सगळे घरचेच आहेत हो, ते एसबीओ वगैरे आम्हाला लागू नाही." हे पत्र त्या उत्तराबद्दल आहे. मी कंपनी सेक्रेटरी म्हणून तुमच्यातच काम करतो आणि माझे ठाम मत आहे की हा कायदा सर्वांत जास्त लागू होतो तो घरच्या कंपन्यांनाच. कारण हिंदू अविभक्त कुटुंब म्हणजे एचयूएफ, कौटुंबिक ट्रस्ट, होल्डिंग कंपनी आणि मामाच्या नावावर ठेवलेले शेअर्स हे सगळे एकाच छपराखाली सापडतात ते घरच्या कंपनीतच.

आधी कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. कंपनी कायदा 2013 चे कलम 90 हे 2017 च्या दुरुस्तीने नव्याने लिहिले गेले. त्याखालचे नियम जून 2018 मध्ये आले आणि फेब्रुवारी 2019 मध्ये बरेच बदलले. आज लागू आहे ते हे बदललेले रूप. भागधारकांच्या रजिस्टरमध्ये कंपनीचे, ट्रस्टचे किंवा भागीदारी फर्मचे नाव असेल तर तिथे थांबायचे नाही. त्यामागे जाऊन हाडामांसाच्या माणसापर्यंत पोचायचे. दुसऱ्याच्या माध्यमातून, किंवा थोडे स्वतःच्या नावावर आणि थोडे दुसऱ्याच्या माध्यमातून, ज्याच्याकडे 10 टक्के किंवा जास्त शेअर्स, मतदानाचा हक्क किंवा लाभांशाचा हक्क येतो, तो माणूस एसबीओ, म्हणजे कंपनीचा लक्षणीय लाभार्थी मालक. टक्केवारी कमी असली, अगदी शून्य असली, तरी कंपनीवर ज्याचे नियंत्रण किंवा लक्षणीय प्रभाव चालतो, तोही यात येतो.

यात एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते. एखाद्याच्या स्वतःच्या नावावर 90 टक्के शेअर्स असतील आणि आडमार्गाने काहीच नसेल, तर तो एसबीओ नाही. त्याचे नाव रजिस्टरमध्ये आधीच उघड आहे, लपलेले काही नाही. कायद्याला मोठा मालक शोधायचा नाही, न दिसणारा मालक शोधायचा आहे.

आता एक उदाहरण सविस्तर घेऊ. कंपनी आणि माणसे काल्पनिक आहेत, पण यातला प्रत्येक तुकडा तुम्हाला ओळखीचा वाटेल. शिरोली एमआयडीसीत एक फाउंड्री आहे. आप्पांच्या स्वतःच्या नावावर 8 टक्के शेअर्स. त्यांच्या एचयूएफच्या नावावर 22 टक्के. एका होल्डिंग प्रायव्हेट लिमिटेडच्या नावावर 36 टक्के. कौटुंबिक ट्रस्टकडे 18 टक्के. मामांच्या नावावर 10 टक्के आणि वेगळे राहणाऱ्या चुलतभावाकडे 6 टक्के. झाले शंभर.

आप्पांपासून सुरुवात करू. एचयूएफ भागधारक असेल तर नियम कर्त्याकडे बोट दाखवतो. कर्ता आप्पाच. म्हणजे एचयूएफमधून 22 आणि स्वतःचे 8, एकूण 30 टक्के. आप्पा एसबीओ झाले आणि त्यांनी बेन-1 या फॉर्मवर कंपनीला तसे लिहून द्यायचे. "एचयूएफ म्हणजे आम्ही सगळेच, माझे एकट्याचे काय त्यात?" हा आप्पांचा प्रश्न रास्त आहे, पण त्या 22 टक्क्यांचे मत सभेत कोण देतो, तो माणूस कायद्याला हवा आहे. इथली नेहमीची चूक पुढे होते. आप्पा वारले, थोरला कर्ता झाला, बँकेत नाव बदलले, इन्कम टॅक्समध्ये बदलले, पण कंपनीच्या एसबीओ रजिस्टरमध्ये आप्पाच राहिले. नव्या कर्त्याने 30 दिवसांत स्वतःचा बेन-1 द्यायला हवा. दुःखाच्या दिवसांत हे कोणाला सुचत नाही हे मी समजू शकतो. म्हणूनच ते आधी लिहून ठेवायला हवे आणि तुमच्या सीएसला किंवा अकाउंटंटला ठाऊक असायला हवे.

होल्डिंग कंपनीचे 36 टक्के हा खरा गुंता. नियम सांगतो की भागधारक एखादी कंपनी असेल तर तिच्यात, किंवा तिच्या सर्वांत वरच्या होल्डिंग कंपनीत, ज्याचा 'बहुमताचा वाटा' आहे तो माणूस शोधा. बहुमताचा वाटा म्हणजे निम्म्याहून अधिक. आपल्या उदाहरणात होल्डिंग कंपनी थोरला मुलगा आणि त्याची पत्नी यांची आहे, बरोबर 50-50. दोघांपैकी कोणाकडेच निम्म्याहून अधिक नाही. मग एसबीओ कोणीच नाही का? अशी वाटणी मुद्दाम करून देणारे सल्लागार आहेत आणि त्यांचा सल्ला ऐकू नका, असे मी स्पष्ट सांगतो. त्याच नियमात पुढे म्हटले आहे की माणूस एकट्याने किंवा 'मिळून' वागत असला तरी तो यात येतो. लेखी करार असो वा नुसती घरगुती समजूत, समान हेतूने हक्क बजावणारे लोक मिळून वागतात असे मानले जाते. होल्डिंग कंपनीच्या ठरावांवर दोघांच्या सह्या एकाच दिवशी, फाउंड्रीच्या सभेला तिचा प्रतिनिधी म्हणून दरवर्षी थोरलाच जातो, पत्नीने वेगळे मत दिल्याची एकही नोंद नाही. हा कागद कोणत्याही अधिकाऱ्यापुढे ठेवला तर 'आम्ही मिळून वागत नव्हतो' हे पटवणे अवघड जाईल. माझा सल्ला: दोघांनीही बेन-1 द्यावा. नसताना दिला म्हणून कोणाचे नुकसान होत नाही, असताना दिला नाही तर होते.

ट्रस्टच्या 18 टक्क्यांपाशी भांडण ठरलेले. हा ट्रस्ट विवेकाधीन, म्हणजे डिस्क्रेशनरी, आहे. नातवंडांपैकी कोणाला किती द्यायचे ते ट्रस्टी ठरवतात. अशा ट्रस्टमध्ये आणि धर्मादाय ट्रस्टमध्ये नियम ट्रस्टीला पकडतो. ट्रस्टी दोन आहेत, धाकटा मुलगा आणि आप्पांचे जुने सीए मित्र. या सीए साहेबांना बेन-1 पुढे केला की ते हबकतात. "माझा यात एक पैसा नाही, मैत्रीखातर नाव दिले." पण पैसा कोणाला मिळणार हे त्यांच्या सहीवर ठरते, मते त्यांच्या सहीवर पडतात. म्हणून जाहीर करायचे ते त्यांनी. ट्रस्ट विशिष्ट असता, कोणत्या नातवाला किती ते डीडमध्येच ठरलेले असते, तर तो नातू लाभार्थी म्हणून मोजला गेला असता. आणि ट्रस्ट रद्द करता येण्याजोगा असता तर तो स्थापन करणारे आप्पा. त्यामुळे ट्रस्ट डीड न वाचता बेन-1 भरू नका. डीडवरचे नाव 'फॅमिली बेनिफिट ट्रस्ट' आहे म्हणून प्रकार कळत नाही. आतला वाटणीचा परिच्छेद वाचावा लागतो.

आता मामा. त्यांच्या नावावरच्या 10 टक्क्यांचे पैसे दिले होते आप्पांच्या पुण्यातल्या बहिणीने. त्या वेळी तिची सरकारी नोकरी होती, नाव नको म्हणून मामांच्या नावावर ठेवले. घरात सगळ्यांना माहीत आहे, कागदावर कुठेच नाही. इथे कलम 89 लागते आणि ते कलम 90 पेक्षा जुने, साधे आणि जास्त धारदार आहे. नाव असणाऱ्याने, म्हणजे मामांनी, एमजीटी-4 वर लिहून द्यायचे की हे शेअर्स माझे नाहीत. खऱ्या मालकाने, म्हणजे बहिणीने, एमजीटी-5 वर लिहून द्यायचे की ते माझे आहेत. दोन्ही 30 दिवसांत. मग कंपनीने आणखी 30 दिवसांत एमजीटी-6 आरओसीकडे, म्हणजे कंपनी निबंधकांकडे, भरायचा. हे झाले की बहिणीचे 10 टक्के तिच्या स्वतःच्या थेट शेअर्ससारखे धरले जातात.

झाले नाही तर? कलम 89 मधली एक ओळ मला वाटते प्रत्येक घरात वाचून दाखवायला हवी: जाहीर न केलेला लाभाचा हक्क बहिणीला किंवा तिच्या वतीने कोणालाही बजावता येत नाही. मामा उद्या गेले आणि त्यांच्या मुलांनी ते शेअर्स वारसाहक्काने आपले म्हटले, तर बहिणीच्या हातात दाखवायला काही नाही. कंपनीपुढे ती बोलू शकत नाही, लाभांश मागू शकत नाही. वर बेनामी व्यवहाराच्या कायद्याचा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच. मालक लपला की नुकसान बँकेचे किंवा सरकारचे होते असे आपण धरून चालतो. पहिला फटका बहुतेक वेळा लपलेल्या मालकालाच बसतो, आणि आपल्याकडे ती बहुतेक वेळा घरातली बाई असते.

इतरांचे नुकसान कसे होते ते चुलतभावाच्या जागी बसून पाहा. त्याचे 6 टक्के आहेत, तो संचालक नाही. फाउंड्री वाळू आणि भंगार एका पुरवठादार कंपनीकडून घेते, बाजारापेक्षा चढ्या भावाने. त्या पुरवठादाराचे शेअर्स कागदावर फाउंड्रीच्याच एका जुन्या कामगाराच्या नावावर आहेत, मागे आहे थोरला मुलगा. संचालकाच्या नातेवाइकाची कंपनी असती तर व्यवहार संबंधित पक्षाचा ठरला असता, संचालक मंडळाच्या अहवालात उघड करावा लागला असता. कामगाराचे नाव पुढे केल्यामुळे तो साधी खरेदी दिसतो. फाउंड्रीचा नफा कमी दिसतो, लाभांश निघत नाही आणि नफा पुरवठादाराच्या कंपनीत जमा होतो. चुलतभावाला दरवर्षी सांगितले जाते की धंदा मंदा आहे. त्याच फाउंड्रीला कर्ज देणारी बँक आणि उधारीवर माल देणारा दुसरा पुरवठादार यांचीही हीच गत. आपण ज्या कंपनीला पैसे दिले तिचा नफा बाहेर कुठे चालला आहे, हे त्यांना दिसत नाही.

भागधारक म्हणून चुलतभावाला एक हक्क आहे जो फार थोडे लोक वापरतात. कंपनीने एसबीओंचे रजिस्टर बेन-3 मध्ये ठेवायचे असते आणि कंपनीचा कोणताही सभासद कामाच्या वेळेत ते पाहू शकतो, फी जास्तीत जास्त 50 रुपये. फाउंड्रीचे रजिस्टर त्याला पाहता येईल. पुरवठादार कंपनीचे नाही, कारण तिचा तो सभासद नाही. ही या कायद्याची मर्यादा आहे आणि ती मला खटकते. पण ऑडिटर आणि बँक दोन्हीकडे विचारू शकतात आणि त्यांनी विचारावे.

बँकेवरून आठवले. तुम्ही बँकेच्या केवायसीत जी खऱ्या मालकांची यादी देता ती मनी लाँडरिंगविरोधी नियमांखाली असते. तिथेही कंपनीसाठी 2023 पासून मर्यादा 10 टक्के आहे, पण मोजण्याची पद्धत अगदी हीच नाही. त्यामुळे एका ठिकाणचा कागद दुसरीकडे जसाच्या तसा चिकटवू नका. उलट दोन्ही याद्या शेजारी ठेवा. बँकेला थोरल्याचे नाव दिले आहे आणि आरओसीकडे एसबीओ म्हणून कोणीच नाही, असे असेल तर कुठेतरी चुकले आहे. घरी बसून करता येण्यासारखी ही सर्वांत सोपी तपासणी.

शेअर्स नसतानाही माणूस कसा सापडतो, त्याचे गाजलेले प्रकरण लिंक्डइनच्या भारतीय कंपनीचे. मायक्रोसॉफ्टने लिंक्डइन 2016 च्या डिसेंबरात घेतली. भारतीय कंपनीचे शेअर्स परदेशी समूह कंपन्यांच्या नावावर. मे 2024 मध्ये दिल्लीच्या कंपनी निबंधकांनी आदेश काढून सत्या नाडेला आणि लिंक्डइनचे जागतिक प्रमुख रायन रोस्लान्स्की यांना भारतीय कंपनीचे एसबीओ ठरवले आणि दोघांना प्रत्येकी 2 लाखांचा दंड लावला. कंपनी आणि इतर मिळून एकूण दंड सुमारे 27 लाखांचा. नाडेलांचा मायक्रोसॉफ्टमधला वाटा 10 टक्क्यांच्या जवळपासही नाही. निबंधकांनी पाहिले ते हे की भारतीय कंपनीतले लोक शेवटी कोणाला उत्तर देतात आणि निर्णयाची साखळी कुठे जाऊन थांबते. नोकरदार मुख्याधिकाऱ्याला असे पकडावे का, यावर माझ्या व्यवसायात बरीच मतभिन्नता आहे आणि मलाही तो अर्थ जरा ताणलेला वाटतो. पण आपल्याकडच्या कंपन्यांना त्यातून एक गोष्ट घ्यावीच लागेल. सगळे शेअर्स मुलांच्या नावे करून 'निवृत्त' झालेले, तरीही ज्यांच्या होकाराशिवाय नवी भट्टी घेतली जात नाही, असे आप्पा अनेक कंपन्यांत आहेत. नियमात 'हक्क आहे' किंवा 'प्रत्यक्षात वापरतो' असे दोन्ही शब्द आहेत. अशा आप्पांचाही विचार करा.

कंपनीने काय करायचे, तर हातावर हात ठेवून बेन-1 ची वाट पाहायची नाही. माणूस नसलेला जो सभासद 10 टक्के किंवा जास्त धरून आहे, त्या प्रत्येकाला बेन-4 ची नोटीस पाठवायची. आपल्या उदाहरणात एचयूएफ, होल्डिंग कंपनी आणि ट्रस्ट, अशा तीन नोटिसा. घरातल्या घरात नोटीस कशाला, असे म्हणू नका. ती पाठवल्याचा पुरावाच उद्या कंपनीला वाचवतो. उत्तराला 30 दिवस. बेन-1 आला की कंपनीने 30 दिवसांत बेन-2 आरओसीकडे भरायचा आणि रजिस्टरमध्ये नोंद करायची. उत्तर आलेच नाही किंवा समाधानकारक नसेल तर मुदत संपल्यापासून 15 दिवसांत एनसीएलटीकडे, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, जायचे. तिथे त्या शेअर्सचे हस्तांतर, लाभांश आणि मत गोठवले जाऊ शकते. वर्षभरात कोणी ते सोडवायला अर्ज केला नाही तर शेअर्स थेट गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. 36 टक्के शेअर्स असे गेले तर फाउंड्रीचे काय होईल याची कल्पना करा. तपासून खरोखरच एसबीओ कोणी निघाला नाही, तर बेन-2 भरायची गरज नाही, पण नोटिसा आणि त्यांची उत्तरे फाइलला हवीत. शिवाय 2023 च्या ऑक्टोबरपासून निबंधकांना ही माहिती पुरवायला एक माणूस नेमून ठेवणे कंपनीवर बंधनकारक आहे. तुमच्याकडे तो कोण, हे संचालकांना तरी ठाऊक असू द्या.

दंडाचे आकडे: जाहीर न करणाऱ्या माणसाला 50 हजार आणि पुढे दिवसाला 1 हजार, कमाल 2 लाख. कंपनीला 1 लाखापासून कमाल 5 लाख, जबाबदार अधिकाऱ्याला 25 हजारांपासून कमाल 1 लाख. लघु कंपनीला सवलत आहे, दंड निम्म्याहून जास्त होत नाही. मात्र जाणूनबुजून खोटे लिहिले तर तो दंडाचा विषय राहत नाही, कलम 447 खाली फसवणूक ठरते आणि तुरुंगवास आहे. म्हणून मागच्या तारखा टाकून बेन-1 बनवण्याची जी विनंती मला दरवर्षी होते, ती मी नाकारतो आणि नाकारत राहीन. उशीर झाला असेल तर आजची तारीख टाका, जादा फी भरा, गरज पडल्यास स्वतःहून निबंधकांपुढे जा. उशीर दंडाने मिटतो. खोटी तारीख मिटत नाही, कारण डिजिटल सही केव्हा झाली ते फाइलमध्ये राहते.

हे सगळे टाळायला होल्डिंग कंपनीचे एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्व भागीदारी, करून घेऊ, असा सल्ला अलीकडे फिरतो आहे. तो घेण्याआधी एवढे पाहा: एलएलपीसाठीही असेच एसबीओ नियम नोव्हेंबर 2023 मध्ये आले आहेत. आणि फाउंड्रीच्या रजिस्टरमध्ये एलएलपीचे नाव 36 टक्क्यांपुढे दिसले, तरी बेन-4 ची नोटीस तिलाही जाणारच आहे.

आपला,
एक प्रॅक्टिसिंग कंपनी सेक्रेटरी, कोल्हापूर